पाटल्या तारण ठेवून तळ पकडायला निघालात?

प्रश्न: मोठ्या पडझडीनंतर बिटकॉइनच्या साप्ताहिक चार्टवर तीन तळ दिसतात, मधला जरा खोल. इन्व्हर्स हेड अँड शोल्डर्सही आहे आणि ट्रिपल बॉटमही, म्हणजे दुहेरी खात्री, असं ग्रुपवरचे सर सांगतात. उजवा खांदा बनतोय. बायकोच्या पाटल्या तारण ठेवून 3 लाख उचललेत, व्याज 12 टक्के. आताच सगळे घालू, की नेकलाइन फुटेपर्यंत थांबू? – एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर: थांबा. आणि नेकलाइन फुटली तरी या पैशानं घेऊ नका.

आधी दुहेरी खात्रीचं बघू. मधला तळ स्पष्ट खोल असेल तर ते हेड अँड शोल्डर्स, तिन्ही जवळपास एका पातळीवर असतील तर ट्रिपल बॉटम. तळ तेच तीन; त्यांना दोन नावं दिली म्हणून साक्षीदार दोन होत नाहीत. शिवाय मधल्या उसळ्यांची टोकं जोडणाऱ्या रेषेच्या, म्हणजे नेकलाइनच्या वर भाव बंद होईपर्यंत दोन्ही आकृत्या अर्धवटच.

2018 चा चार्ट उघडा. फेब्रुवारीत, जूनअखेर आणि ऑगस्टमध्ये बिटकॉइन 6,000 डॉलरच्या आसपास येऊन सावरला. ट्रिपल बॉटम म्हणून तेव्हाही लोकांनी खरेदी केली. पण मधल्या उसळ्या बघा: मार्चमध्ये साडेअकरा हजारांच्या वर, मेमध्ये दहा हजारांजवळ, जुलैत साडेआठ हजारांच्या आत. प्रत्येक वेळी विकणारा आधीपेक्षा कमी भावात विकायला तयार होता. नोव्हेंबरमध्ये 6,000 तुटला आणि डिसेंबरमध्ये भाव 3,200 च्या आसपास आला. तुमच्या चार्टवरही तळांआधी ही टोकं तपासा.

आता तुम्ही न विचारलेलं, पण जास्त गंभीर. 3 लाखांवर वर्षाचं व्याज 36 हजार. वर्षात भाव 20 टक्के वाढला तर नफा 60 हजार. त्यावर 30 टक्के कर आणि सेस मिळून सुमारे 18,700. कर मोजताना कर्जाचं व्याज या नफ्यातून वजा करता येत नाही. हातात उरतात जेमतेम 5 हजार. निव्वळ बरोबरीला यायलाच साडेसतरा टक्के वाढ लागते. 2018 सारखं झालं तर 3 लाखांचे 1 लाख 60 हजार, देणं मात्र 3 लाख 36 हजार. हा तोटा दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वळता होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. आकृती पूर्ण व्हायला कितीही महिने लागोत, तारणाची मुदत बहुधा वर्षाचीच असते. ती चुकली की पाटल्या लिलावात. हे न सांगता ‘खात्री’ विकणाऱ्या माणसाचं ऐकू नका.

पैसे अजून खात्यात असतील तर उद्याच भरा. गेलेल्या दिवसांचंच व्याज लागेल ना, मुदतीआधी फेडीचा आकार आहे का, एवढं विचारून घ्या. उसाचं बिल आल्यावर सोसायटीचं देणं आणि घरखर्च भागवून बुडाले तरी चालतील असे 10 हजार उरले, तर साप्ताहिक कँडल वाढत्या व्हॉल्यूमसह नेकलाइनच्या वर बंद झाल्यावर घ्या. उजव्या खांद्याच्या तळाखाली बंद झाली, तर त्याच आठवड्यात विका.