साठ हजारांचा व्हिडिओ की पगाराची स्लिप?

प्रश्न : सर, माझा गोव्यात कुंडईला 26 माणसांचा छोटा कारखाना आहे. सीएनसी टर्नर टिकत नाहीत, गेल्या वर्षी पाचजण तीन महिन्यांच्या आत गेले. एक एजन्सी 60 हजारांत भरतीचा व्हिडिओ करून देते. त्यात "पगार 23,000" ठळक दाखवायचं म्हणते. एवढे पैसे घालू का?

उत्तर : घालू नका. फार तर दहा हजार ठेवा, आणि आधी तो 23,000 चा आकडा कागदावर उलगडा.

समजा मूळ पगार 14,000 आणि घरभाडे भत्ता 6,000, म्हणजे एकूण 20,000. त्यातून कामगाराचा पीएफ 12 टक्क्यांनी 1,680 आणि ईएसआय 0.75 टक्क्याने 150 जातात. हातात पडतात 18,170. त्या 20,000 वर तुमच्याकडून पीएफचे शुल्कासकट 1,820, ईएसआयचे 650 आणि ग्रॅच्युइटीसाठी बाजूला साधारण 670 धरले की होतात 23,140. म्हणजे एजन्सीचा आकडा खोटा नाही, फक्त तो तुमचा खर्च आहे, त्याचा पगार नव्हे. दोडामार्गचा पोरगा फोंड्यात खोली घेतो ती 23,000 च्या हिशेबाने, आणि पहिल्या पगाराला पाच हजार कमी निघतात. माझ्या एका अशिलाकडचे दोघे तर स्लिप हातात पडली त्याच दिवशी गेले.

असा एक माणूस गेला की काय बुडतं? नवा टर्नर पहिला महिनाभर निम्मंच काम देतो, म्हणजे तुमच्या खर्चातले साडेअकरा हजार गेले. वर बूट-गणवेश आणि बिघडलेले जॉब. पाचजणांचे सहज साठ हजारांवर जातात. व्हिडिओने आणखी पाच फसवून आणले तर खड्डा दुप्पट.

तेव्हा मोबाईलवरच दीड मिनिटाचा व्हिडिओ करा. पहिलं दृश्य खऱ्या स्लिपचं, नाव झाकून. सुपरवायझरचं बोट एकेका ओळीवर फिरतंय आणि तो म्हणतोय : "हातात 18,170. ओटी असेल तेव्हा दुप्पट दराने, पण दर महिन्याला असेलच असं नाही, पगारात धरू नका." मग मशीनजवळचा आवाज तसाच ठेवून : "मे महिन्यात पत्र्याखाली उकडतं. दुसरी पाळी रात्री सुटते, तेव्हा बस मिळत नाही, गाडी आपली लागते." (तुम्ही सोडायची सोय करणार असाल तर तेही सांगा, पण करणार असाल तरच.) बढतीबद्दल आश्वासन नको. तुमच्याकडे हेल्पर म्हणून लागून सेटर झालेला कोणी असेल, तर त्याच्या संमतीने त्याची रुजू झाल्याची तारीख आणि तेव्हाचा व आजचा पगार दाखवा. असा कोणी नसेल तर तो भाग गाळा.

उरलेल्या पन्नास हजारांत थोडी भर घाला : पाच टर्नरांना महिना हजार वाढवायला वर्षाला साठ हजारच लागतात, पीएफ-ईएसआयचा वाटा वेगळा. मात्र एकूण पगार 21,000 च्या वर गेला की चालू सहा महिन्यांचा अंशदान काळ संपल्यावर ईएसआय सुटतं. तो आकडा ओलांडणार असाल तर आरोग्य विम्याचे पैसे आधी बाजूला काढा, आणि व्हिडिओतून ईएसआयची ओळ काढून टाका.