'हिरमोड' हा पुल्लिंगी आहे आणि लहान आहे

प्रश्न : लहानपणी आम्ही नाशिकजवळच्या ओझरला खंडोबाच्या यात्रेला जायचो, त्या आठवणीवर लिहिते आहे. शेवटी लिहिलं, 'सगळीकडे रंगीबेरंगी दुकानं, प्रचंड गोंगाट, पण नवी पिपाणी वाजेना म्हणून माझा खूप अपेक्षाभंग झाला.' मैत्रीण म्हणते, 'माझी हिरमोड झाली' असं हवं. कोणतं बरोबर? निराशा जड न होता जत्रेचा रंग आणि आवाज टिकवायचा कसा? आणि मुळात जत्रा म्हणू की यात्रा?

उत्तर : मैत्रिणीने शब्द नेमका सुचवला, लिंग मात्र चुकवलं. 'तो' हिरमोड. माझा हिरमोड झाला. हल्ली सूत्रसंचालक, बातमीदार, मालिकांतल्या सुना, सगळ्यांची 'हिरमोड होते' आणि दर वेळी माझ्या कपाळावर आठी पडते. निराशा स्त्रीलिंगी, मोडतोड स्त्रीलिंगी, म्हणून हिरमोडही स्त्रीलिंगी, असा काहीतरी हिशेब असावा.

हा शब्द पुल्लिंगी का, याचं उत्तर मला रणांगणावर सापडतं. मराठीत 'मोड' एक नाही. मटकीला येतात ते मोड पुल्लिंगी. शंभराच्या नोटेची मागतो ती मोड स्त्रीलिंगी. तिसरा मोड आता बोलण्यातून गेला, पण बखरींत आणि जुन्या पत्रांत तो सर्रास भेटतो : 'फौजेचा मोड झाला', 'शत्रूचा मोड केला'. हा मोड म्हणजे पराभव, फळी फुटणं, पाय निघणं, आणि तोही पुल्लिंगी. आता वाक्याची ठेवण पाहा. शत्रूचा मोड केला, पोराचा हिरमोड केला. फौजेचा मोड झाला, माझा हिरमोड झाला. षष्ठी तीच, क्रियापद तेच, लिंगही तेच. लढाया संपल्या, बखरकार गेले, आणि पराभवाचा तो शब्द एका पोरीच्या पिपाणीपाशी येऊन थांबला. मला याहून आनंद देणारी व्युत्पत्ती मराठीत फार थोडी आहे.

काही मंडळी हिरमोडात 'हिरवा मोड' बघतात, म्हणजे कोवळा कोंब खुडला गेला वगैरे. कल्पना गोड आहे, पण व्याकरण तिला साथ देत नाही. कोंब या अर्थाचे मोड 'येतात', ते कुणाचे 'होत' नाहीत. 'मटकीचा मोड झाला' असं म्हणणारा माणूस मला दाखवा, मी कोंबवाल्यांच्या बाजूला येऊन बसतो.

राहिला 'हिर'. माझ्या मते तो 'हीर' आहे. माडाच्या झावळीतल्या पातीची मधली ताठ, चिवट काडी म्हणजे हीर. हिरांची जुडी बांधली की झाला खराटा. हीर आधी वाकतो, बराच वाकतो, आणि मग एकदम मोडतो. मोडतानाचा आवाजही अगदी बारीक असतो. 'नाशकात माड कुठून आणलेत?' असं मला एकाने ठसक्यात विचारलं होतं. अहो, माड आला नाही तरी खराटा आला, आणि शब्द माल उतरायची वाट बघत नाहीत.

तर हिरमोडाची जात ही अशी : बारीक वस्तू, ताठ उभी होती, मोडली. म्हणूनच तो लहान गोष्टींपुरता आहे. नोकरी गेल्यावर कुणाचा हिरमोड होत नाही, सामना पावसाने रद्द झाला की होतो. समानार्थी शब्दांच्या याद्यांत हिरमोड, निराशा, अपेक्षाभंग आणि वैफल्य एका ओळीत छापतात आणि मुलं तेच पाठ करतात; या याद्या करणाऱ्यांनी चौघांना एकेका वाक्यात बसवून पाहावं. अपेक्षाभंग मोठ्या माणसाचा होतो, त्यात आधी काही ठरलेलं, गृहीत धरलेलं असतं. पिपाणीला अपेक्षाभंग लावला की आठ वर्षांची मुलगी एकदम निवृत्त कारकुनासारखी बोलू लागते. तुमची निराशा जड झाली ती इथे. प्रसंग हलकाच आहे, शब्दाने तो दाबला.

हिरमुसणं वेगळं, तेही सांगून टाकतो. हिरमोड आत होतो, हिरमुसणं तोंडावर दिसतं. चेहरा हिरमुसतो, चेहऱ्याचा हिरमोड होत नाही. तुम्ही स्वतःची गोष्ट सांगता आहात आणि स्वतःचं तोंड तुम्हाला त्या वेळी दिसत नव्हतं. धाकटा भाऊ हिरमुसला, हे लिहा. 'मी हिरमुसले' हे आईच्या डोळ्यांना दिसलेलं आहे; आईला वाक्यात आणणार असाल तरच वापरा.

आता रंग आणि आवाज. हा शब्दसंग्रहापेक्षा क्रियापदांचा प्रश्न आहे आणि मराठीत त्यासाठी हत्यार तयार आहे : रीतिभूतकाळ. वाजे, येई, लागे, उधळत. बोलण्यात वाजायची, यायचे, लागायची. दर वर्षी जे घडत होतं ते सगळं या काळात घाला. चंपाषष्ठीला यात्रा लागायची, बारागाडे ओढताना माणसं बाजूच्या ओट्यांवर चढायची, भंडारा उधळला की केसांत, कानांत आणि गोडी शेवेच्या पुड्यावर पिवळी पूड बसायची. किती वर्षांचं मिळून हे झालं, ते वाचकाने विचारायचंच नाही. रंग आणि आवाज अशा थरावर थर बसूनच दाट होतात. आणि मग हिरमोडाशी साधा भूतकाळ आणा : त्या वर्षी मी पिपाणी घेतली, ती वाजली नाही. काळ बदलला की वाचकाचे कान टवकारतात, त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

बहुतेक लेख इथेच बिघडतात आणि दोन्ही बाजूंनी बिघडतात. 'दर वर्षी यात्रेला जायचो, पिपाणी घ्यायचो, ती वाजायची नाही' असं लिहिलं तर दुःख वार्षिक होतं आणि मुलगी मठ्ठ ठरते. उलट पहिल्या ओळीपासून 'गेलो, पाहिलं, खाल्लं, घेतलं' लावलं तर एका दिवसाचा अहवाल होतो आणि पिपाणी त्यातली आणखी एक नोंद उरते. आपला मजकूर कुठल्या बाजूला कलंडला ते ओळखायला क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघा मारा. वळण एकदाच दिसलं पाहिजे.

'रंगीबेरंगी' खोडा. या शब्दात एकही रंग नाही. खंडोबाची यात्रा म्हणजे पिवळा, तेवढा एक पुरे. दुसरा हवाच असेल तर फुगेवाल्याचा गुलाबी चालेल. गोंगाटाचंही तसंच. गोंगाट म्हणजे बाहेर उभं राहून दिलेलं एकत्रित नाव, आत शिरलेल्या मुलीला वेगवेगळे आवाज ऐकू येतात. संबळ कडकडते, पाळणा वर जाताना करकरतो, जिलेबीचा घाणा कढईत पडताना चुरचुरतो, आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' या सगळ्यावरून जातं. क्रियापदं आवाजाची निवडलीत की 'प्रचंड' हे विशेषण आपोआप गळतं. माणसांच्या ओरडण्यापुरता 'गलका' ठेवा. 'कोलाहल' नको, त्याला पुराणाचा वास येतो.

पिपाणी हा तुमच्या हातातला हुकमी पत्ता आहे आणि तुम्ही तो पाहिलेलाच नाही. सगळी जत्रा वाजते आहे आणि एकच वस्तू मुकी आहे. हिरमोड आवाजातलाच निघाला, म्हणून रंग आणि आवाज बाजूला सारून निराशेसाठी निराळा परिच्छेद काढायची गरज नाही. कारणही द्या, कारणाने दुःख हलकं राहतं. या पिपाणीच्या तोंडात एक पातळ पट्टी असते, ती थरथरली की सूर निघतो. पोरं अधाशासारखी फुंकतात, पट्टी थुंकीने भिजून चिकटते, आणि नुसती फूस्स हवा जाते. वाळली की पुन्हा वाजते, पण हे आठ वर्षांच्या मुलीला कोण सांगणार! माझ्या हाताने सांगायचं तर काहीसं असं :

'यात्रेत शिरलं की आधी संबळ ऐकू यायची, मग पाळण्याची करकर. भंडाऱ्याने आईच्या नऊवारीचा काठ पिवळा व्हायचा आणि ती तो झटकायची नाही. पोरांच्या पिपाण्या नदीपर्यंत ऐकू यायच्या. त्या वर्षी मलाही मिळाली. फुगेवाल्याने वाजवून दाखवली, दादाने वाजवली, मी मारुतीच्या पारापर्यंत वाजवली. मग ती वाजेना. मी फुंकत होते आणि शेजारून दुसऱ्याच कुणाची तरी वाजत होती.'

इथे हिरमोड हा शब्द आलाच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हो, इतकी वकिली करून मीच तो वापरला नाही. 'दुसऱ्याच कुणाची तरी वाजत होती' यात तो होऊन गेला. त्यापुढे 'माझा हिरमोड झाला' लिहिलंत तर तेच दोनदा सांगितल्यासारखं होईल. मोठेपणी मागे वळून बोलणारं वाक्य असेल, तर मात्र जरूर वापरा : 'त्यानंतर पुष्कळ काही मोडलं, पण हिरमोड म्हणावा असा तो पहिला.' तिथे शब्दाचा लहानपणाच उपयोगी पडतो. शाळेतल्या 'जत्रेतील दोन तास' या निबंधाची सवय हाताला असेल तर ती झटका. त्यात शेवटी काटकसरीचा नाहीतर एकोप्याचा बोध असायचा, आणि गुण त्यालाच मिळायचे.

जत्रा की यात्रा? शब्द एकच. संस्कृत 'यात्रा'मधल्या य चा ज झाला, जसा 'यव'चा जव झाला. त्र मात्र तसाच राहिला, नाहीतर रात्रीची जशी रात झाली तशी जत्रेचीही 'जात' व्हायची. जत्रा म्हणजे यात्रेचा अपभ्रंश आणि म्हणून अशुद्ध, असं सांगणाऱ्यांनी आधी जवाचं यव करून खावं. आपल्या जिल्ह्यात तोंडी यात्राच चालते : ओझरची यात्रा, चंदनपुरीची यात्रा, नवरात्रात कालिकेची यात्रा. तुमच्या घरात जे म्हणत तेच लिहा. फक्त वर्तमानपत्रांचा 'यात्रोत्सव' घेऊ नका. ओझरला जाऊन आलेल्या एकाही माणसाने घरी येऊन 'यात्रोत्सवाला गेलो होतो' असं सांगितलेलं नाही.