टॉवरसाठी कोणती टेकडी? व्ह्यूशेड टेकडीवरून नको, गावातून काढा

प्रश्न: आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे, रेंज अजिबात नाही. आजूबाजूला तीन टेकड्या आहेत. टॉवरसाठी कुठल्या टेकडीवरून गाव दिसतं हे व्ह्यूशेड काढून कसं ठरवायचं? सगळ्यात उंच टेकडी घेतली तर चालेल ना?

उत्तर:

बहुतेक वेळा नाही चालत, निदान आपल्या सह्याद्रीत तरी. आपले डोंगर वरून सपाट असतात आणि सपाट माथ्यावरच्या टॉवरला लांबची तीन गावं दिसतात, पण पायाखालचं गाव दिसत नाही. मी काही वर्षं टॉवरच्या जागा शोधायच्या कामात होतो. सर्वात उंच माथा धरून बसलेला सरपंच जवळजवळ प्रत्येक गावात भेटायचा.

आधी हा हिशोब बघा, त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. समजा माथा गावापेक्षा 210 मीटर उंच आहे आणि गावठाण कड्याच्या काठापासून आडव्या अंतराने 700 मीटरवर आहे. टॉवर 30 मीटरचा, पण जागा सपाट हवी म्हणून काठापासून 150 मीटर आत उभा केला. टॉवरच्या टोकावरून काठाला घासून जाणारी रेषा 150 मीटरला 30 मीटर उतरते, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली. त्या उताराने 210 मीटर खाली यायला काठापुढे 1050 मीटर लागतात. गाव 700 वर, म्हणजे पूर्ण सावलीत. तोच टॉवर काठापासून 60 मीटरवर आणला तर उतार दोनास एक होतो आणि काठापुढे 420 मीटरपासूनचं सगळं दिसायला लागतं. टेकडी तीच आणि टॉवरही तोच, फक्त 90 मीटर सरकवला. म्हणून ‘कोणती टेकडी’ हा प्रश्न अर्धाच आहे. टेकडीवर नेमकं कुठे, हा उरलेला अर्धा.

ते शोधायचं तर माथ्यावरच्या प्रत्येक जागेवरून व्ह्यूशेड, म्हणजे तिथून काय काय दिसतं त्याचा नकाशा, काढत बसावं लागेल, आणि तीन टेकड्यांवर अशा जागा हजारो निघतात. त्यापेक्षा उलटं करा. मी तुम्हाला दिसतो तर तुम्हीही मला दिसता. तेव्हा निरीक्षक गावातल्या घरांवर ठेवा आणि ‘इथे 30 मीटरचा टॉवर असेल तर या घरातून त्याचं टोक दिसेल का’ हे सगळ्या डोंगरांना एकदम विचारा. पंधरा-वीस घरांचे पंधरा-वीस व्ह्यूशेड काढले आणि त्यांची बेरीज केली की डोंगरावरच्या प्रत्येक चौकोनात एक आकडा येतो: इथून इतकी घरं दिसतात.

घरांचे बिंदू नीट टाका. माझी पहिली चूक इथेच झाली. नकाशावर गावाचं नाव जिथे लिहिलेलं होतं तिथे एकच बिंदू टाकला आणि उत्तर झकास आलं. प्रत्यक्षात गावाच्या चार वाड्या होत्या आणि धनगरवाडा डोंगराच्या सोंडेमागे, ज्याचा मी विचारच केला नव्हता. आता मी उपग्रहचित्र उघडून प्रत्येक वाडीत तीन-चार बिंदू टाकतो, एक शाळेवर आणि एक एसटीच्या थांब्यावर.

उंचीच्या डेटासाठी कोपर्निकसचा डीईएम, म्हणजे 30 मीटरच्या चौकोनांतला उंचीचा नकाशा, घ्या, फुकट आहे. एसआरटीएमही चालतो, पण तो फेब्रुवारी 2000 मधल्या अकरा दिवसांच्या शटल मोहिमेतला आहे आणि उभ्या कड्यांपाशी त्याला भोकं पडलेली असतात. ती भोकं मागून भरलेली आहेत, आणि नेमकी तिथलीच उंची आपल्याला खरी हवी असते. दोन्हींत झाडांचे शेंडे बऱ्याच अंशी जमिनीतच धरलेले असतात, हे लक्षात असू द्या.

मग डीईएम मीटरमधल्या प्रक्षेपणात आणा. तो अक्षांश-रेखांशांत ठेवून व्ह्यूशेड काढला तर उंची मीटरमध्ये आणि अंतर अंशांत धरलं जातं. उत्तर तरीही येतं, चित्रही बरं दिसतं, फक्त लांबच्या अंतरांना ते चूक असतं. पृथ्वीच्या गोलाईची वजावट जवळजवळ शून्य होते आणि लांबची जी जागा गोलाईमुळे आड जाते, तीसुद्धा ‘दिसते’ म्हणून रंगलेली असते. पश्चिम महाराष्ट्राला यूटीएमचा 43 उत्तर हा पट्टा लागतो. क्यूजीआयएसबरोबर जीडीएएल येतंच, त्याच्या कमांड खिडकीत:

```
gdalwarp -t_srs EPSG:32643 -tr 30 30 -r bilinear dem.tif dem_utm.tif

gdal_viewshed -ox 352140 -oy 2023870 -oz 1.5 -tz 30 -vv 1 -cc 0.75 dem_utm.tif ghar01.tif

gdal_calc.py -A ghar*.tif --calc="numpy.sum(A,axis=0)" --type=Byte --outfile=berij.tif
```

मधल्या ओळीत `-ox` आणि `-oy` च्या पुढे तुमच्या घराचे आकडे टाका आणि ती ओळ प्रत्येक घरासाठी, शेवटच्या फाइलचं नाव बदलून, चालवा. `-oz` म्हणजे घराशी हातात धरलेला फोन, `-tz` म्हणजे डोंगरावरचा टॉवर. या दोघांची अदलाबदल होणं ही नेहमीची चूक. `-cc 0.75` रेडिओलहरींसाठी आहे, कारण हवेत त्या प्रकाशापेक्षा जरा जास्त वाकतात. चार किलोमीटरवर पृथ्वीच्या गोलाईचा फरक जेमतेम एक मीटर पडतो, पण वीस किलोमीटरवर तो तेवीस-चोवीस मीटर होतो आणि पुढे आपल्याला लांबचा टॉवरही बघायचाय. कमाल अंतराचा `-md` मुद्दाम दिलेला नाही. तो दिला की प्रत्येक घराचा निकाल त्या घराभोवती वेगळा कापला जातो आणि बेरीज जुळत नाही. त्याऐवजी डीईएमच आधी हवा तेवढा कापून घ्या.

एका कामाचं उदाहरण देतो, गावाचं नाव राहू दे. बिंदू 18 होते. ‘अ’ हा सर्वात उंच सपाट माथा, वरच्या हिशोबातला. माथ्याच्या मध्यावर बेरीज 7 आली, काठाशी 13. ‘ब’ ही ओढ्यापलीकडची सोंड, गावापेक्षा फक्त 90 मीटर उंच आणि गावठाणापासून 900 मीटर दूर. तिच्या टोकाला 15. ‘क’ ही समोरची डोंगराची धार, 3.8 किलोमीटरवर, तिथे 16. आकड्यांवर गेलं तर ‘क’ जिंकते. पण तिथे रस्ता नाही, वीज नाही आणि बरीचशी जमीन वनखात्याची.

शिवाय हे ‘दिसतं’ आणि ‘दिसत नाही’ इतकं काळंपांढरं नसतं. लहर दोरीसारखी सरळ जात नाही, तिला भोवती जागा लागते. त्या जागेला फ्रेनेल झोन म्हणतात. 700 मेगाहर्ट्झ आणि चार किलोमीटर धरले तर मधोमध त्याची त्रिज्या सुमारे 21 मीटर भरते, आणि निदान साठ टक्के, म्हणजे बारा-साडेबारा मीटर, मोकळे हवेत. मधल्या टेपाडाला दृष्टिरेषा नुसती घासून गेली तरी 6 डेसिबल जातात, म्हणजे सिग्नल पाव उरतो. व्ह्यूशेडच्या लेखी मात्र ते घर ‘दिसतंय’. उलट, किंचित आडोशाला असलेल्या घरालाही 700 वर रेंज मिळू शकते, तिथे व्ह्यूशेड उगाच नाही म्हणतो.

यावर माझा गावठी उपाय म्हणजे सगळं `-tz 18` ने पुन्हा चालवायचं. टॉवर बारा मीटरने बुटका केल्यावरही जी जागा टिकते ती पक्की समजायची. या फेरीत ‘क’ 16 वरून 9 वर घसरली, कारण तिच्या आणि गावाच्या मध्ये एक बसकं टेपाड होतं. ‘ब’ 14 वर राहिली. ‘अ’चा काठ 13 वरून 8 वर आला, आणि त्या आठवरही माझा फारसा विश्वास नव्हता. 30 मीटरच्या चौकोनांत उभा कडा बसतच नाही. तो दोन-तीन चौकोनांत पसरून गोल होतो, आणि काठाचं अंतर तीस मीटरने चुकलं तर काय होतं ते वर पाहिलंच.

‘अ’ बाद व्हायला आणखी एक कारण होतं, जे व्ह्यूशेड कधीच सांगत नाही. मध्यावरच्या जागेवरून गाव जवळजवळ 16 अंश खाली होतं आणि काठाकडे सरकावं तसा कोन आणखी वाढतो. सेक्टर अँटेनाचा झोत उभ्या दिशेने साधारण सात-आठ अंशांचाच असतो. तो इतका खाली झुकवला नाही तर मुख्य झोत गावाच्या डोक्यावरून निघून जातो, आणि झुकवला तर फक्त गावठाण मिळतं, लांबच्या वाड्या जातात. ‘ब’वरून तोच कोन साडेसात अंशांच्या आसपास होता. तेवढा झुकाव नेहमीचा आहे.

निवडलेल्या जागेवरून एकदा सुलट व्ह्यूशेड काढा, `-oz 30 -tz 1.5` देऊन. चौकोनांच्या काटछाटीमुळे उलट आणि सुलट उत्तरं काठावरच्या एखाद-दुसऱ्या घराला जुळत नाहीत. त्यानंतर प्रत्यक्ष जा. उन्हाच्या वेळी एकाला सोंडेवर आरसा घेऊन बसवायचं, त्याने वाडीकडे कवडसा पाडायचा आणि आपण दारात उभं राहून बघायचं. ‘ब’वर आम्ही असंच केलं. बारा दारांतून चमक दिसली. जिथे दिसली तिथे तीस मीटरवरची अँटेना दिसणारच. जिथे नाही दिसली तिथे काहीच सिद्ध होत नाही, कारण आरसा जमिनीवर होता. बेरजेत आलेल्या दोन बिंदूंच्या समोर मात्र चांगलं आमराईचं रान निघालं. पानांतून सिग्नल किती मरेल ते नकाशावरून कळत नाही, म्हणून ती दोन घरं मी ‘कदाचित’ या रकान्यात टाकली.

राहिला शेवटचा व्ह्यूशेड, जो बहुतेक जण विसरतात. टॉवरला गाव दिसून भागत नाही, फायबर नसेल तर त्याला दुसरा चालू टॉवरही दिसायला हवा, नाहीतर तो जोडायचा कशाशी? आमच्या बाबतीत तो 11 किलोमीटरवर होता. निरीक्षक त्या टॉवरच्या 40 मीटर उंचीवर ठेवून पाहिलं तर ‘ब’ 30 मीटरला दिसेना, 36 ला घासून दिसू लागली. 15 गिगाहर्ट्झला तेवढ्या अंतरावर फ्रेनेल झोनची त्रिज्या मधोमध साडेसात मीटरच्या आत असते, त्याचे साठ टक्के साडेचार मीटर. अडथळा खिंडीत जवळजवळ मध्यावर होता, त्यामुळे तिथे साडेचार मीटर उचलायला आमच्या टोकाला दुप्पट, म्हणजे नऊ मीटर लागत होते. म्हणून गावासाठी 30 मीटर पुरत असताना अर्जात 45 मीटरचा टॉवर लिहावा लागला.