बाटलीवर ‘शुद्ध’ लिहिण्याआधी

सप्रेम नमस्कार,

तू पाठवलेलं तुमच्या मध संस्थेच्या बाटलीचं लेबल पाहिलं. सगळ्यात मोठ्या अक्षरांत ‘१००% शुद्ध नैसर्गिक मध’ असं आहे आणि गावाचं नाव मागच्या बाजूला, बारीक. हे उलटं कर. सुपरमार्केटच्या स्वतःच्या नावाची जी बाटली तुमच्याशेजारी उभी राहणार, तिच्यावरही ‘शुद्ध’ हाच शब्द आहे आणि ती तुमच्यापेक्षा स्वस्त आहे. त्या शब्दावर तुम्ही जिंकणार नाही.

शिवाय गिऱ्हाइकाचा त्या शब्दावरचा विश्वास केव्हाच उडालाय. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने १३ ब्रँडचा मध तपासून घेतला. नेहमीच्या चाचण्यांत बहुतेक मोठे ब्रँड पास झाले, पण जर्मनीत केलेल्या एनएमआर चाचणीत, म्हणजे मधात बाहेरची साखर मिसळली का हे बारकाईने शोधणाऱ्या चाचणीत, फक्त तीन टिकले. चाचणी चुकवण्यासाठीच बनवलेला साखरेचा पाक बाजारात मिळतो, हे तेव्हा लोकांना कळलं. म्हणून पाण्यात थेंब सोडून दाखवण्याचा प्रयोग स्टॉलवर करू नकोस. घट्ट पाकही तसाच तळाशी जातो.

तुमच्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही, ती गोष्ट म्हणजे ठिकाण. त्यांचा मध बहुधा अनेक ठिकाणांहून येऊन एका टाकीत मिसळतो, कारण वर्षभर एकच रंग, एकच चव ठेवायची असते. तुमचा मध सातेरी या आपल्या देशी मधमाशीचा, जावळीच्या डोंगरातला, जांभळाचा वेगळा, हिरड्याचा वेगळा. समोरच्या बाजूला गाव, फुलोरा आणि काढणीचा महिना लिही. दर जास्त का, तेही एका ओळीत सांग: सातेरीच्या पेटीतून वर्षाला जेमतेम पाच-सात किलो मध मिळतो, मेलिफेरा ही परदेशी जातीची माशी त्याच्या कितीतरी पट देते.

पण फुलाचं नाव लिहिलं की जबाबदारी येते. ‘जांभूळ मध’ म्हणायचं तर नियमाप्रमाणे त्यातल्या परागकणांपैकी किमान ४५ टक्के जांभळाचे हवेत. पेटीजवळ जांभळं फुलली होती एवढं पुरत नाही. मोजणीत कमी भरलं तर ‘रानफुलांचा मध’ लिही. त्यात काही कमीपणा नाही. आणि मध साध्या कापडातूनच गाळ. अति बारीक गाळणीत परागकण निघून जातात आणि मध कुठला याचा पुरावाच हातातून जातो.

कारवीबद्दल सविस्तर सांगतो, कारण तिथे मला फटका बसलाय. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. अशाच एका हंगामात आमच्या संस्थेचा लॉट एका खरेदीदाराने परत पाठवला. अहवालात सुक्रोज सात टक्क्यांच्या वर होतं, मर्यादा पाचची, म्हणजे साखर घातली, असा त्याचा निष्कर्ष. मधपाळांची मान खाली गेली आणि मीही दोन दिवस त्यांच्यावरच संशय घेतला. मग मानकाचा तक्ता नीट वाचला. कारवीच्या मधाला त्यात वेगळी ओळ आहे: सुक्रोज १० टक्क्यांपर्यंत चालतं, कारण त्या मधाची जातच तशी. परागकणांची मोजणी जोडून लॉट पुन्हा पाठवला, तेव्हा घेतला. तेव्हापासून मी नमुना पाठवताना फुलोऱ्याचं नाव अर्जावर ठळक लिहितो. तूही लिही.

आता तुमचा खरा धोका. तो शेजारच्या बाटलीत नाही, तुमच्याच संकलन केंद्राच्या दारात आहे. एखाद्याने घाईत कच्चा मध काढला तर अख्खा डबा आंबतो. चौकटीतली निदान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय काढणी नको. दारातच रिफ्रॅक्टोमीटरने ओलावा बघ. मर्यादा २० टक्के आहे आणि सातेरीचा मध पावसाळी हवेत ती सहज ओलांडतो. वर फेस, बारीक बुडबुडे, आंबूस वास आला तर तो डबा बाजूला, मग आणणारा संचालकाचा भाऊ का असेना. हे पहिल्या सभेतच ठरवून घे. नंतर जड जातं.

प्रत्येक मधपाळाचा डबा नाव, गाव, तारीख घालून वेगळा ठेव आणि मिसळण्याआधी छोटी बाटली भरून सील कर. एनएमआर महाग आहे, प्रत्येक डब्याची परवडणार नाही. मिसळून झालेल्या लॉटची एकदा कर आणि लॉट क्रमांक टाकला की तो अहवाल दिसेल असा क्यूआर कोड बाटलीवर दे. अहवाल अख्खा दाखव, फक्त ‘पास’ नको. काही खटकलं तर सीलबंद बाटल्यांवरून चूक कुठल्या डब्यात हे शोधता येईल.

थंडीत मध साखरेसारखा रवाळ होईल आणि तक्रारी येतील. तो तापवून पातळ करून विकू नकोस, वासही जातो आणि एचएमएफ हे तापवल्याने तयार होणारं रसायन वाढतं. ‘रवाळ होणं स्वाभाविक आहे, बाटली कोमट पाण्यात ठेवा’ एवढं झाकणाजवळ छाप.

लेबलचा नवा मसुदा आणि पहिल्या लॉटचा अहवाल एकत्रच पाठव. दोन्ही शेजारी ठेवून वाचू.

तुझा,
काका