मेल अकराला, लाइनवर साडेतीनला

«चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. आमची नवी लाइन हेड ऑफिसने रद्द केली. आता टीम फुटणार, शिफ्टही बदलणार. इंजिनिअरांना इंग्रजीत आणि ऑपरेटरांना मराठीत सांगायचंय. कुणाला दुखवायचं नाही. कसं सांगू?»

हे गृहस्थ आले तेव्हा इंग्रजी मेल तयार होता, दोनदा तपासलेला. मराठीत काय बोलणार, असं विचारल्यावर म्हणाले, “तिथे बोलून घेईन.” मेल सकाळी अकराला जाणार होता आणि ऑपरेटरांना साडेतीनला, शिफ्ट बदलताना सांगायचं होतं. मधल्या वेळात कॅन्टीनमध्ये ही बातमी ‘माणसं कमी करणार’ अशी होऊन फिरली असती. लाइन गेल्याचं दुःख माणूस पचवतो. आपल्याला सगळ्यात शेवटी कळलं, हे तो विसरत नाही.

मी त्यांना आधी मराठी मजकूर लिहायला बसवलं. लिहिताना त्यांच्याच लक्षात आलं की मेलमध्ये बाजारपेठेवर तीन परिच्छेद आहेत, आणि सोमवारी कोण कुठे जाणार यावर अर्धी ओळ. ते पुन्हा एचआरकडे गेले. शिफ्टच्या बदलाला रीतसर नोटीस लागते का, हेही तिथेच विचारून घेतलं. मग मजकूर असा झाला:

“नवी लाइन रद्द झाली आहे. निर्णय हेड ऑफिसचा आहे, तुमच्या कामातल्या चुकीमुळे नाही. कायम कामगारांपैकी कुणाचीही नोकरी जाणार नाही. सोमवारपासून कोण कुठे, ती यादी इथे लावली आहे. रात्रपाळी थांबेल, म्हणून तिचा भत्ताही थांबेल. ट्रेनींचं अजून ठरलेलं नाही. शुक्रवारी चार वाजता मी इथेच येऊन सांगेन.”

भत्त्याचं वाक्य त्यांना गाळायचं होतं. मी गाळू दिलं नाही. पगाराच्या दिवशी ते कळणारच होतं. इंग्रजी मेल मग याच मजकुरावरून नव्याने लिहिला, त्याच क्रमाने.

ट्रेनींना आणि लाइन लीडरला त्यांनी तीन वाजता केबिनमध्ये बोलावून सांगितलं. साडेतीनला दोन्ही शिफ्ट आणि इंजिनिअर एकत्र उभे केले, आधी मराठीत बोलले, आणि मेल त्यानंतरच पाठवला. त्यात दोन्ही भाषांतला मजकूर होता, म्हणजे एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं कळलं, ही शंका उरली नाही.

पहिला प्रश्न नोकरीचा नव्हताच. एक जुने ऑपरेटर म्हणाले, “साहेब, एवढ्या ट्रायल घेऊन जिग बसवली, तिचं काय?” साहेबांकडे उत्तर नव्हतं. एका इंजिनिअरने सांगितलं की ती जुन्या लाइनवर वापरता येईल. केलेल्या कामाचं पुढे काय होणार, हे आधीच शोधून ठेवावं; ‘तुमच्या मेहनतीचं कौतुक आहे’ हे वाक्य त्याची जागा घेत नाही.

शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला. ट्रेनींचा निर्णय वरून आलाच नव्हता. जाऊ की पुढे ढकलू, असं विचारत होते. चारला जा आणि ठरलं नाही एवढंच सांगा, असं मी म्हटलं. ते गेले, आणि मंगळवारची वेळ देऊन आले.