शाळेच्या दुरुस्तीत कोणाचा प्रभाव किती, हे कसे ठरवावे?

प्रश्न: आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या इमारतीची दुरुस्ती व्हायची आहे. हितसंबंधी लोकांची यादी तयार झाली, पण कोणाचा प्रभाव किती आणि स्वारस्य किती हे चार खान्यांत मांडणारी पॉवर-इंटरेस्ट ग्रिड भरायला बसलो तर जवळजवळ सगळीच नावे 'प्रभाव जास्त, स्वारस्य जास्त' या खान्यात जातात. कोणाला कुठे ठेवायचे, हे कशावरून ठरवावे?

उत्तर: प्रभाव पदाकडे पाहून आणि स्वारस्य बोलण्यावरून मोजले की असे होते. पदाने गावात सगळेच मोठे असतात आणि शाळेबद्दल विचारले तर 'शाळा झालीच पाहिजे' असेच प्रत्येक जण म्हणतो. म्हणून नावे तपासताना मी दोनच प्रश्न विचारतो. प्रभावासाठी: या व्यक्तीच्या कोणत्या सहीने, नकाराने किंवा कृतीने काम थांबेल, आणि ते कोणत्या टप्प्यावर? स्वारस्यासाठी: या कामामुळे तिच्या रोजच्या जगण्यात नेमके काय बदलणार आहे? ज्याच्या नावापुढे पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहिता येत नाही, तो कितीही मोठा असला तरी प्रभावाच्या वरच्या ओळीत बसत नाही.

ऑब्रे मेंडेलो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चौकटीचे, उभ्या बाजूला प्रभाव आणि आडव्या बाजूला स्वारस्य धरून होणारे चार खाने तुम्हाला माहीत आहेतच, म्हणून मी थेट यवतमाळ जिल्ह्यातील एका शाळेचे उदाहरण घेतो, जिथे शाळा व्यवस्थापन समितीबरोबर बसून आम्ही ही चौकट भरली होती. शाळेला चार खोल्या होत्या. त्यांपैकी दोन जुन्या खोल्यांवरचे कवेलू फुटलेले होते आणि खालच्या लाकडांना वाळवी लागली होती. ते छप्पर उतरवून लोखंडी कैच्यांवर पत्रे टाकणे, रॅम्प करणे आणि मैदानाला कुंपणभिंत घालणे, असे काम ठरले होते.

पहिल्या यादीत 'पालक' हे एकच नाव होते आणि ते फोडावे लागले. ज्यांची मुले त्या दोन खोल्यांत बसत होती, त्यांना मुले तात्पुरती समाजमंदिरात बसणार याची काळजी होती. हंगामात कामासाठी गाव सोडणाऱ्या पालकांना शाळा कधी उघडणार एवढेच कळायला हवे होते. समितीतल्या पालकांची गोष्ट वेगळीच होती. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे या समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम असते, त्यामुळे त्यांच्या ठरावाला कागदावर वजन आहे. एकाच नावाखाली तीन निरनिराळी माणसे दडलेली असतील, तर एक ठिपका त्यांच्यापैकी कोणाबद्दलच खरे सांगत नाही.

सर्वांत जास्त वेळ 'प्रभाव जास्त, स्वारस्य कमी' या खान्याला द्यावा असे माझे मत आहे. तुमच्या चौकटीत तो रिकामा असेल, तर चौकट चुकली आहे असे समजायला हरकत नाही. बांधकाम विभागाचे उपअभियंता या खान्यात येतात. त्यांच्याकडे तालुक्यातली अनेक कामे असतात आणि तुमची शाळा त्यांपैकी एक असते, पण अंदाजपत्रक त्यांच्या टेबलावरूनच तांत्रिक मान्यतेकडे सरकते. त्यांना गावातल्या प्रत्येक बैठकीला बोलावणे हा वेळेचा अपव्यय आहे, आणि त्याने ते वैतागतातही. त्यांना पूर्ण कागदपत्रे हवी असतात: समितीचा ठराव, जुन्या छपराचे फोटो, आणि जे पाडायचे आहे ते सरकारी नोंदीतून कमी करण्याचा, म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव. निर्लेखनाची मंजुरी नसताना कवेलू उतरवले, तर जुन्या साहित्याचा हिशेब मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडतो. म्हणून मुख्याध्यापक आणि उपअभियंता यांच्यात कोणता कागद कधी जाणार, हे चौकटीच्या बाजूलाच लिहून ठेवलेले बरे. शाळेत मतदान केंद्र असेल तर तहसीलदारही याच खान्यात येतात. निवडणूक जवळ आली की इमारत त्यांना वापरण्याजोगी लागते, आणि आचारसंहिता लागली की सुरू न झालेले नवे काम अडकते.

आता ज्याचे नाव यादीत कोणीच घातले नव्हते तो माणूस. मैदानाच्या मागे एका शेतकऱ्याचे वावर होते आणि त्याची बंडी वर्षानुवर्षे शाळेच्या मैदानातून जात होती. कुंपणभिंत झाली की ती वाट बंद होणार होती. पद नाही, समितीत नाही, मुले केव्हाच मोठी झालेली, म्हणून त्याला 'प्रभाव कमी, स्वारस्य कमी' असे धरले गेले असते. वरचे दोन प्रश्न लावले तेव्हा चित्र उलटे निघाले. खरिपाची पेरणी आणि कापूस घरी आणणे त्या वाटेवर अवलंबून होते, आणि वहिवाटीच्या रस्त्याची तक्रार त्याने तहसीलदारांकडे केली असती तर भिंतीचे काम तिथेच थांबले असते. तो सरळ वरच्या उजव्या खान्यात गेला. सरपंचांनी त्याला भिंतीची आखणी होण्याआधी बोलावले, आणि मैदानाच्या कडेने बंडी जाईल एवढी जागा सोडून भिंत आत घेण्याचे ठरले. यादी करताना कागदपत्रांइतकेच जागेभोवती एक फेरी मारून कोण कुठून जाते, पाणी कुठून भरते, गुरे कुठे बांधते, हे पाहावे, असे मी म्हणतो ते यासाठीच.

स्वारस्य आणि पाठिंबा यांची गल्लत मात्र करू नये. हा शेतकरी विरोधात होता, तरी त्याचे स्वारस्य सर्वांत जास्त होते. अनुकूल की प्रतिकूल हे चौकटीत मावत नाही, म्हणून आम्ही नावापुढे अधिक किंवा उणे असे चिन्ह करत असू.

'स्वारस्य जास्त, प्रभाव कमी' या खान्यातील लोकांना नुसती माहिती द्यायची, असे सर्वत्र लिहिलेले असते. माझा अनुभव असा की त्यांच्याकडून माहिती घेणे अधिक उपयोगाचे असते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी सांगितले नसते, तर रेती आणि लोखंड किचन शेडच्या दारासमोर पडले असते आणि प्लास्टरला पाणी मारायला कंत्राटदाराने त्यांचाच हातपंप धरला असता. एका पायाने अधू असलेल्या मुलाच्या आईने रॅम्प कोणत्या दाराशी हवा हे दाखवले, तेव्हा नकाशातील जागा बदलली.

गुण देताना समितीतल्या तिघांनी वेगवेगळे बसून प्रत्येक नावाला प्रभाव आणि स्वारस्यासाठी 1 ते 5 गुण द्यावेत. जिथे दोन किंवा अधिक गुणांचा फरक पडेल, तेवढ्याच नावांवर चर्चा करावी, कारण बाकीच्यांवर एकमत असतेच. नावाशेजारी पदही लिहावे, कारण मे-जूनमध्ये बदल्या झाल्या की पद राहते आणि माणूस बदलतो, आणि नव्या माणसाचे स्वारस्य पुन्हा मोजावे लागते.

ही चौकट एकदा भरून भिंतीवर लावण्याची नाही. मंजुरीपर्यंत गटशिक्षणाधिकारी आणि उपअभियंता यांचा प्रभाव सर्वांत जास्त असतो. कार्यारंभ आदेश निघाला की मोजमाप पुस्तिकेत नोंद करणारे कनिष्ठ अभियंता पुढे येतात, कारण त्यांच्या नोंदीशिवाय कंत्राटदाराचे देयक निघत नाही आणि देयक अडले की मजूर येत नाहीत. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे छपराचे काम उन्हाळ्यातच उरकायचे असते; ते लांबले तर समाजमंदिराची चावी असलेल्या ग्रामपंचायतीचा प्रभाव एकाएकी वाढतो. म्हणून मंजुरीनंतर एकदा आणि छप्पर उतरवण्याच्या आधी एकदा, अशी निदान दोन वेळा चौकट नव्याने भरावी, आणि वरच्या उजव्या खान्यात राहिलेल्या प्रत्येकापुढे त्याचा कोणता निर्णय कोणत्या तारखेपर्यंत हवा आहे ते लिहावे.