उ: लेह-पँगाँगसाठी डायमॉक्स कधी सुरू आणि कधी बंद?

"सोमवारी सकाळी विमानाने लेह, बुधवारी नुब्रा, गुरुवारी पँगाँगला मुक्काम, शुक्रवारी परत लेह. टूरवाले म्हणतात, डोकं दुखलं तरच डायमॉक्स घ्या आणि लेहला दोन दिवस झाले की बंद करा. बरोबर आहे का?"

दोन्ही चूक. आम्हालाही एका टूर ऑफिसने अगदी हेच सांगितलं होतं. डायमॉक्स ही उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठीची गोळी आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची अ‍ॅलर्जी, किडनीचा आजार किंवा गरोदरपण असेल तर आधी तेच सांगा.

आमच्या डॉक्टरांनी मोठ्यांसाठी सांगितलेलं प्रमाण १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. दुकानात बहुतेकदा २५० ची गोळी मिळते, म्हणजे अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. दुसरी उशिरा घेतली तर रात्रभर लघवीला उठावं लागतं. सुरुवात रविवारी सकाळी, घरीच. ही डोकेदुखीची गोळी नाही. ती मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, त्याने श्वास वाढतो, विशेषतः झोपेत, आणि शरीर विरळ हवेला लवकर सरावतं. याला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशी. बोटांना मुंग्या येतील, सोड्यासारखी फसफसणारी पेयं बेचव लागतील, त्याला घाबरू नका.

खरा घोळ बंद करण्यात होतो. फक्त लेहला (सुमारे ३,५०० मीटर) राहणार असाल तर तिथे दोन दिवस झाल्यावर थांबवणं ठीक. पण तुमचा सर्वांत उंच मुक्काम पँगाँगचा आहे, साधारण ४,२५० मीटर. दिवस तिथून मोजायचे. ऑफिसच्या सांगण्यावरून माझ्या नवऱ्याने मंगळवारी रात्री गोळी सोडली. पँगाँगला रात्री डोकं फुटायची वेळ आली, उलट्या थांबेनात. आणि खाली उतरायचं म्हटलं तर लेहच्या रस्त्यावर चांग ला ही खिंड आडवी, ५,३०० मीटरच्या वर! म्हणजे आजारी माणसाला आधी हजार मीटर वर न्यायचं. ऑफिसला फोन केला तर "गरम पाणी प्या, सकाळी बघू". अजून आठवलं की संताप होतो.

म्हणून तुमच्या कार्यक्रमात शुक्रवार सकाळची गोळीही घ्या, चांग ला ओलांडून लेहला पोचलात की बंद. एकदम थांबवली तरी चालते. पँगाँगला जास्त मुक्काम असेल तर तिथले दोन दिवस पूर्ण झाल्यावर सोडा.

गोळी चालू असूनही त्रास होऊ शकतो. डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही. तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर गोळीवर विसंबू नका: ऑक्सिजन, जवळचं लष्करी किंवा सरकारी वैद्यकीय केंद्र आणि लगेच खाली. पँगाँगच्या कॅम्पमध्ये सिलिंडर भरलेला आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. आणि माझं ऐकाल तर नुब्राहून थेट पँगाँगला जाण्याआधी लेहला एक रात्र वाढवून घ्या.